फोन वायफाय का सोडत नाही?

शाळेच्या कार्यालयात वायफायचा राऊटर असतो. कार्यालयात बसून काम केले की सारे सुरळीत चालते. तोच फोन घेऊन शिक्षक टोकाच्या वर्गात जातात, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर कॅमेरा धरतात, आणि पडद्यावर एक गोल फिरत राहतो. पोषण आहाराची रोजची नोंद भरून बटण दाबले तरी असाच गोल फिरतो. फोनच्या माथ्यावर वायफायची एक-दोन कमानींची खूण दिसत असते. शेजारी मोबाइल कंपनीच्या रेघा भरलेल्या दिसतात. म्हणजे चांगला रस्ता शेजारी मोकळा असताना फोन चिखलाच्या वाटेवर अडून बसलेला असतो. वायफाय हाताने बंद केले की दोन-तीन सेकंदांत पाठ सुरू होतो.

परभणी जिल्ह्यातील शाळांत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्यावर 'नेट गेले', 'फोन जुना झाला', 'साइट बंद आहे' अशी निदाने केली जातात. बहुतेक वेळा त्यांतले एकही खरे नसते. फोन त्याला शिकवलेल्या नियमाप्रमाणेच वागत असतो. तो नियम कोणता, तो तसा का केला आहे, आणि अलीकडच्या फोनांत 'आपोआप जाळे बदला' अशा अर्थाची जी सोय असते ती त्यात नेमके काय बदलते, हे या लेखात पाहू.

कागदावरची एक शाळा

आकडे हाताशी असले की गोष्ट स्पष्ट होते. म्हणून आपण एक शाळा कागदावर उभी करू. सेलू, जिंतूर किंवा पालम तालुक्यात कोठेही शोभेल अशी ती आहे. एका रांगेत खोल्या, समोर ओसरी, पुढे पटांगण. पहिल्या खोलीत कार्यालय आणि तेथे राऊटर. रांगेच्या शेवटी सहावीचा वर्ग. राऊटरपासून वर्गातील फळ्यापर्यंतचे अंतर ३२ मीटर, आणि मध्ये विटांच्या पाच भिंती.

वायफायच्या लहरी रेडिओलहरीच आहेत. २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेला त्यांची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते. राऊटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीने बोलतो. म्हणजे शून्य वॉटचा म्हणून विकला जाणारा रात्रीचा दिवा जेवढी वीज घेतो, तिच्याहूनही ही शक्ती कमी आहे. ही शक्ती सर्व दिशांना पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती चौथाई होते. दिव्याच्या प्रकाशासाठी आपण जो व्यस्त वर्गाचा नियम शिकवतो तोच हा नियम.

इतक्या झपाट्याने लहान होणाऱ्या संख्या लिहिण्यासाठी अभियंते डेसिबलची मोजणी वापरतात. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. दर दहापट वाढीला १० मिळवायचे आणि दर दहापट घटीला १० वजा करायचे. चौथाई होणे म्हणजे सुमारे ६ वजा करणे. राऊटरचे १०० मिलिवॉट म्हणजे +२० डीबीएम. या वारंवारतेला एक मीटरवरच सुमारे ४० वजा होतात, म्हणून तेथे उरतात उणे २०. पुढे २, ४, ८, १६, ३२ मीटर अशी पाच दुपटी झाली, प्रत्येकी ६ प्रमाणे ३० गेले. मोकळ्या मैदानात ३२ मीटरवर उणे ५० डीबीएम उरतील, आणि ती उत्तम स्थिती आहे.

पण मध्ये पाच भिंती आहेत. विटांची भिंत लहरींचा काही भाग शोषते, काही परतवते. भिंतीची जाडी, ओल, लहरींचा कोन यांवर तिचा आकडा बदलतो. हिशेबासाठी आपण प्रत्येक भिंतीचे ६ धरू. आणखी ३० गेले. सहावीच्या वर्गात उरले उणे ८० डीबीएम. म्हणजे राऊटरने सोडलेल्या शक्तीचा हजार कोटीवा भाग.

याच हिशेबाची एक गंमत विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. एक भिंत ६ घेते आणि अंतराची एक दुप्पटही ६ घेते. म्हणजे एक भिंत ओलांडणे हे अंतर दुप्पट करण्यासारखे आहे. पाच भिंती म्हणजे पाच दुपटी: ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ मीटर. सहावीचा वर्ग राऊटरच्या दृष्टीने मोकळ्या रानात एक किलोमीटर लांब उभा आहे! भिंती दगडी असतील, मध्ये लोखंडी कपाट किंवा पत्र्याची आडभिंत असेल, तर आणखी लांब.

मोबाइलचा टॉवर दीड किलोमीटरवर आहे असे समजू. तो खरोखरच लांब आहे, पण तो मिलिवॉटांत बोलत नाही. त्याची शक्ती काही दशक वॉट असते, आणि ती चारी दिशांना न उधळता त्याच्या उंच अँटेना ठरावीक पट्ट्यात फेकतात. वर्गाची खिडकी टॉवरकडे असेल तर मध्ये भिंतही फारशी येत नाही. म्हणून ३२ मीटरवरचा राऊटर हरतो आणि दीड किलोमीटरवरचा टॉवर जिंकतो. गोदावरीच्या खोऱ्यातील सपाट मुलखात तर हे सहज घडते.

ऐकू येते, पण बोलणे पोचत नाही

उणे ८० ला वायफाय पूर्ण मेलेले नसते, आणि सगळी अडचण त्यामुळेच आहे. ते मेले असते तर फोनने ते सोडले असते.

राऊटर दर सेकंदाला सुमारे दहा वेळा एक छोटी हाक देतो: मी अमुक नावाचे जाळे आहे, येथे आहे. या हाकेला बीकन म्हणतात. ती लांबवर ऐकू जावी म्हणून मुद्दाम सर्वांत सावकाश वेगाने, २.४ गिगाहर्ट्झवर बहुधा सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने दिली जाते. गोंगाटात आपण एकेक अक्षर सुटे करून ओरडतो तसेच हे आहे. सावकाश उच्चारलेली अक्षरे लांबूनही ओळखू येतात. फोनवरची कमान ही प्रामुख्याने राऊटरकडून फोनपर्यंत येणाऱ्या लहरींची ताकद दाखवते, आणि बीकन ऐकू येत आहे तोवर जाळे 'आहे' असे फोन समजतो.

पाठ पाहण्यासाठी मात्र अशी हाक पुरत नाही. तेथे भराभर बोलावे लागते. साध्या एका अँटेनाच्या वायफायमध्ये सेकंदाला ६५ मेगाबिट या वेगासाठी उणे ६४ डीबीएमच्या आसपास ताकद असावी, अशी प्रमाणकाची अपेक्षा आहे. सर्वांत सावकाश ६.५ मेगाबिटच्या पायरीलाही उणे ८२ लागतात. चांगली यंत्रे याहून थोडे कमी असतानाही चालतात, पण आपला वर्ग काठावर आहे हे यावरून कळते.

त्याहून मोठी गोम दुसरीच आहे. संभाषण दोन्ही बाजूंनी होते. प्रत्येक माहितीच्या तुकड्यानंतर ऐकणाऱ्याने 'पोचले' अशी पावती द्यावी लागते. पावती आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो, असे अनेकदा. आता फोन काही राऊटरएवढ्या जोराने बोलत नाही. त्याला बॅटरी वाचवायची असते आणि त्याची अँटेना इवलीशी असते. फोन ३० मिलिवॉटने बोलतो असे धरले, तर ते राऊटरपेक्षा ५ डेसिबल कमी. राऊटरचे बोलणे फोनला उणे ८० ने पोचते, तर फोनचे बोलणे राऊटरला उणे ८५ ने. एकीकडे ध्वनिक्षेपक आणि दुसरीकडे दबलेला आवाज. ग्रामसभेत ध्वनिक्षेपकावरचे भाषण सर्वांना ऐकू येते, पण मागच्या रांगेतल्या माणसाचा प्रश्न व्यासपीठापर्यंत पोचत नाही, तसे हे होते. फोनच्या माथ्यावरची कमान मागच्या रांगेतल्या माणसाला भाषण किती ऐकू येते तेवढेच सांगते. त्याचा प्रश्न पोचतो का, हे ती सांगत नाही.

म्हणून पोषण आहाराची नोंद भरताना पान उघडते, रकाने दिसतात, आणि नेमके शेवटचे बटण दाबल्यावर सारे थांबते. पान उघडणे हे बहुतांशी ऐकणे आहे. नोंद पाठवणे हे बोलणे आहे.

निर्णय कोणाचा?

येथे एक साहजिक शंका येते. परभणीहून पूर्णेला रेल्वेने जाताना फोनवर बोलणे चालू असले, तर वाटेत टॉवर बदलतात. पण बोलणे तुटत नाही. मग वायफायकडून मोबाइलकडे जाताना हेच का होत नाही?

कारण टॉवर बदलण्याचा निर्णय फोन एकट्याने घेत नाही. फोन आसपासच्या टॉवरांची ताकद मोजून कंपनीच्या यंत्रणेला कळवत राहतो. यंत्रणा दोन्ही टॉवरांना ओळखते. नव्या टॉवरवर जागा तयार करून ती फोनला हुकूम देते: आता तिकडे जा. फोनचा जाळ्यातील पत्ताही तोच राहतो. शिक्षकांच्या बदलीत आदेश निघतो आणि नव्या शाळेत पद आधीच ठरलेले असते, तसा हा प्रकार आहे.

वायफायमध्ये राऊटर सहसा कोणाला 'आता तू जा' असा हुकूम देत नाही. जोडलेले राहायचे की सोडायचे हे फोनने ठरवायचे. शाळेचा राऊटर आणि मोबाइल कंपनीचा टॉवर यांना एकमेकांची ओळखही नसते. दोन्हींना ओळखणारा एकटा फोन. पंच नसलेल्या सामन्यात खेळाडूनेच निर्णय द्यावा, तशी त्याची स्थिती आहे.

शिवाय वायफाय सोडणे त्याला महागात पडते. नव्या वाटेवर फोनला नवा पत्ता मिळतो. जुन्या पत्त्यावर चालू असलेली कामे बहुधा तुटतात. उतरत असलेली फाइल अडते, चित्रफीत क्षणभर थांबते, काही संकेतस्थळे पुन्हा प्रवेश करायला सांगतात. दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि फोन दर पाच सेकंदांनी वाट बदलू लागला, तर कोणतेच काम पुरे होणार नाही. म्हणून फोनला मुद्दाम थोडे हट्टी केलेले असते. तिसरे कारण पैशाचे. हे नियम पहिल्यांदा लिहिले गेले तेव्हा मोबाइलवरील प्रत्येक मेगाबाइट मोजून घ्यावा लागे आणि वायफाय फुकट वाटे. भारतात हे चित्र २०१६ नंतर झपाट्याने बदलले आणि मोबाइलवरील माहिती स्वस्त झाली. पण 'आधी वायफाय' हा पायंडा टिकून राहिला.

हा पायंडा किती ठोस होता हे अँड्रॉइडच्या उघड्या आज्ञावलीत पाहता येते. आवृत्ती ११ पर्यंत फोन प्रत्येक जाळ्याला गुण देत असे. मोबाइलच्या जाळ्याला कायमचे ५० गुण. वायफायला जास्तीत जास्त ६०, आणि लहरी क्षीण होत गेल्या की ते कमी कमी होत. वायफाय ५० च्या खाली उतरले तरच मोबाइलची बाजू वर येई. मोबाइलचा वेग कितीही चांगला असला तरी त्याला ५१ वा गुण मिळत नसे. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ पासून ही गुणपत्रिका जाऊन पसंतीक्रमाचे नियम आले, पण चालू स्थितीतील वायफायला पहिली पसंती हे सूत्र राहिले. निरनिराळ्या कंपन्या त्यात आपापले फेरफार करतात. म्हणून एकाच वर्गात दोन शिक्षकांचे फोन वेगवेगळे वागताना दिसतात.

पोस्टकार्ड पोचले, पोते पोचले नाही

फोन नुसत्या कमानीवर विसंबत नाही. वायफाय जोडल्यावर त्यामागे खरोखर इंटरनेट आहे का हे तो तपासतो. अँड्रॉइड फोन बहुधा या पत्त्यावर एक चिमुकली विचारणा पाठवतो:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

उत्तरात २०४ हा क्रमांक आला की परीक्षा उत्तीर्ण. या क्रमांकाचा अर्थ 'ठीक, पण मजकूर काही नाही'. उत्तर आलेच नाही, किंवा त्याऐवजी प्रवेशाचे पान आले, तर फोनला संशय येतो आणि 'इंटरनेट नाही' अशा अर्थाची सूचना दिसते. वीज गेली, कार्यालयातील राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहिला पण बाहेरून येणारी तार कोठे तरी मेली, तर ही परीक्षा उपयोगी पडते. कमान भरलेली असूनही फोन फसत नाही, निदान फार काळ फसत नाही.

पण सहावीच्या वर्गातील दुखणे या परीक्षेत सापडत नाही. विचारणा आणि उत्तर मिळून काहीशे अक्षरांचा मामला असतो. पाच वेळा पुन्हा पाठवावे लागले तरी तो क्षणात उरकतो. पाठाची चित्रफीत मात्र कोट्यवधी अक्षरांची असते. पोस्टकार्ड पोचले म्हणून धान्याचे पोते त्याच वाटेने पोचेल असे नाही. फोन पोस्टकार्डावरून निर्णय घेतो आणि आपण पोत्याची वाट पाहतो.

नवी सोय काय करते?

हा दोष ओळखून कंपन्यांनी २०१४-१५ च्या सुमारास फोनला दुसरी कसोटी शिकवली. सॅमसंगने तिला स्मार्ट नेटवर्क स्विच म्हटले. ॲपलने सप्टेंबर २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर वायफाय असिस्ट आणले. नावे निराळी, कल्पना एकच. जाळे ऐकू येते का एवढेच न पाहता, त्यावरून काम होत आहे का हेही पाहायचे. पाठवलेले तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागत आहेत का, नावावरून पत्ता शोधण्याच्या विचारणेला उत्तर येत आहे का, माहिती फारच थेंबाथेंबाने येते का, अशी लक्षणे फोन पाहतो. ती वाईट दिसली तर वायफायची जोडणी ठेवून किंवा सोडून तो माहितीची वाहतूक मोबाइलकडे वळवतो. वायफाय सुधारले की पुन्हा परत येतो.

ही सोय फोनमध्ये शोधायची तर मार्ग असे आहेत. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनांत `Settings` → `Connections` → `Wi-Fi`, तेथे वरच्या तीन टिंबांतून `Intelligent Wi-Fi`, आणि त्यात `Switch to mobile data`. शाओमी, रिअलमी यांसारख्या अनेक फोनांत ती वायफायच्या पानावर `Wi-Fi assistant` अशा नावाखाली असते. आयफोनमध्ये `Settings` → `Mobile Service` किंवा `Mobile Data` उघडून अगदी तळाशी गेले की `Wi-Fi Assist` दिसते. आवृत्तीनुसार शब्द थोडे बदलतात. सापडली नाही तर `Settings` मधील शोधाच्या चौकटीत `switch` किंवा `assist` लिहून पाहावे. मोबाइल डेटा बंद असेल तर या सोयीला जायला जागाच नसते, म्हणून तो चालू आहे याची खात्री करावी.

तिच्या मर्यादाही आहेत. पहिली, ती मोबाइलच्या रोजच्या कोट्यातून खर्च करते, तेही न विचारता. सेकंदाला १ मेगाबिट या दराची दहा मिनिटांची चित्रफीत ७५ मेगाबाइट घेते. रोज दीड जीबीच्या कोट्यात असे सुमारे वीस पाठ बसतात. म्हणजे एका वर्गाला अडचण नाही, पण घरी रात्रभर क्षीण वायफायवर काही उतरत असेल तर सकाळी कोटा संपलेला सापडू शकतो. ॲपलची सोय आल्यावर महिनाभरातच, ऑक्टोबर २०१५ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियात याच कारणावरून कंपनीवर दावा दाखल झाला होता. ॲपलने ही सोय पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कामांना आणि चित्रफिती किंवा संगीत वाहून आणणाऱ्या काही इतर कंपन्यांच्या ॲपना लागू ठेवली नाही. म्हणून आयफोनवर नोंदीचे पान सुरळीत होईल आणि तरीही चित्रफीत अडकलेली राहील, असे घडू शकते.

दुसरी मर्यादा उलट बाजूची. शाळेत काही वेळा मुद्दाम इंटरनेट नसलेले वायफाय असते. प्रोजेक्टरला फोन जोडण्यासाठीचे, किंवा पाठ साठवलेल्या पेटीचे. तेथे इंटरनेटची परीक्षा नापास होणारच. ही सोय चालू असेल तर फोन त्या जाळ्यावर नीट टिकत नाही आणि प्रोजेक्टरवरचे चित्र जाते. अशा तासापुरती ती बंद करावी, किंवा फोनने 'इंटरनेट नाही, तरी राहायचे का' असे विचारल्यावर होकार द्यावा.

तिसरी मर्यादा म्हणजे ही सोय निर्णय सुधारते, लहरी सुधारत नाही. मोबाइलही क्षीण असेल तर ती दोन वाईट वाटांमध्ये येरझारा घालते.

निदान कसे करावे?

सर्वांत सोपी चाचणी हातातच आहे. अडलेल्या जागी उभे राहून फक्त वायफाय बंद करावे आणि तेच काम पुन्हा करावे. लगेच झाले तर फोन चिकटून बसला होता. तरीही झाले नाही तर दोष मोबाइलचा किंवा पलीकडच्या संकेतस्थळाचा असू शकतो.

वायफायमध्येच दोष आहे असे ठरले तर तो हवेत आहे की तारेत, हे शाळेच्या विंडोज संगणकावरून, तो लॅपटॉप असेल तर, पाहता येते. लॅपटॉप सहावीच्या वर्गात नेऊन वायफायला जोडावा आणि `Command Prompt` मध्ये या दोन आज्ञा एकामागून एक द्याव्यात:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला पत्ता राऊटरचा आहे. आपल्या शाळेत तो निराळा असेल तर `ipconfig` ही आज्ञा देऊन `Default Gateway` समोरचा आकडा घ्यावा. दुसरा पत्ता बाहेरच्या जगातील गूगलच्या एका सेवेचा आहे. दोन्हींकडे पन्नास वेळा 'आहेस का?' असे विचारले जाते.

कार्यालयात राऊटरचे उत्तर काही मिलिसेकंदांत येते आणि पन्नासपैकी पन्नास उत्तरे येतात. सहावीच्या वर्गात पहिल्याच आज्ञेची उत्तरे शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर गेली, किंवा मधूनमधून `Request timed out.` दिसू लागले, तर दोष हवेत, म्हणजे भिंती आणि अंतरात आहे. पहिली आज्ञा स्वच्छ आणि दुसरी अडखळणारी असेल तर राऊटरच्या पलीकडची तार तपासायला हवी. पहिल्या दोषाला फोनमधील सोय किंवा राऊटरची जागा हे उत्तर आहे. दुसऱ्याला तार पुरवणाऱ्याकडे तक्रार हेच उत्तर.

एकाच्या हट्टाचा सर्वांना भुर्दंड

फोन चिकटून बसला तर नुकसान त्याच्या मालकाचे, असे वाटेल. तसे नाही. वायफायची हवा सर्वांची सामाईक असते आणि एका वेळी एकानेच बोलायचे असते. संधी सर्वांना सारख्या मिळतात, पण बोलायला लागणारा वेळ सारखा नसतो.

बारा हजार बिटांचा एक तुकडा घेऊ. कार्यालयातील फोन तो ६५ मेगाबिटने पाठवतो. पावती आणि मधली विश्रांती धरून त्याला सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात. तो एकटाच असेल तर त्याला सेकंदाला ३० मेगाबिट मिळतात. आता सहावीच्या वर्गातील फोन १ मेगाबिटवर घसरला आहे. त्याच तुकड्याला त्याला साडेबारा मिलिसेकंद लागतात. दोघे आळीपाळीने बोलू लागले की एका फेरीला जवळजवळ १३ मिलिसेकंद जातात, आणि त्या फेरीत कार्यालयातील फोनचा एकच तुकडा जातो. त्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिटच्याही खाली येतो! फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी २००३ मध्ये हा परिणाम मांडला. आजचे राऊटर अनेक तुकडे एकत्र बांधतात आणि काही राऊटर संधींऐवजी वेळ सारखा वाटतात, म्हणून घसरण नेहमी इतकी तीव्र नसते. पण दिशा तीच असते. ऑनलाइन माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी कार्यालयात 'नेट हळू' झाले, तर टोकाच्या वर्गात खिशात पडलेला एखादा फोनही त्याला कारण असू शकतो.

यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो. टोकाच्या वर्गात नेहमी शिकवणाऱ्यांनी फोनमधील सोय चालू ठेवावी. ती नसेल तर त्या वर्गात जाताना वायफाय बंद करावे, म्हणजे कार्यालयाचीही सुटका होते. राऊटर कपाटामागून काढून उंच आणि शक्यतो रांगेच्या मध्यावर न्यावा. आपल्या हिशेबात तो मधल्या खोलीत नेला तर टोकाचा वर्ग १६ मीटर आणि दोन-तीन भिंतींवर येतो. एक दुप्पट आणि दोन किंवा तीन भिंती वाचल्या, म्हणजे १८ ते २४ डेसिबल परत मिळाले. उणे ८० चे उणे ६० च्या आसपास झाले, आणि तेथे पाठ विनासायास चालतो. ओसरीच्या कडेने तार टाकून राऊटर सरकवण्याचा खर्च नव्या राऊटरपेक्षा कमी येतो.

हा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. सहावी-सातवीच्या मुलांनी शाळेचा आराखडा पावलांनी मोजून काढावा. अँड्रॉइड फोनवर लहरींची ताकद डीबीएममध्ये दाखवणारी ॲप मिळतात. त्यांतील एखादे घेऊन प्रत्येक खोलीत आकडा वाचावा आणि आराखड्यावर लिहावा. फोन डोक्याच्या उंचीवर धरून आणि नंतर पोटाशी धरून वाचला तर आकडा किती बदलतो हेही पाहावे, कारण माणसाचे शरीर पाण्याने भरलेले असते आणि पाणी या लहरी शोषते. शेवटी सारखे आकडे रेषेने जोडावेत. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्चतारेषांसारखा नकाशा तयार होईल. त्यावर उणे ७५ ची रेषा जेथून जाते तो आपल्या शाळेच्या वायफायचा साधारण उंबरठा. त्याच्या पलीकडे कमान दिसली तरी तिच्यावर विसंबू नये.